फोटोवरून आधार नंबर आणि जन्मतारीख उतरवलेली यादी पुन्हा पुन्हा परत येते, तेव्हा काय करायचं

गावातल्या दूध संस्थेची किंवा बचत गटाची सभासद यादी बँकेकडे, नाहीतर विमा काढायला पाठवली की थोड्या दिवसांत तिच्यातली काही नावं परत येतात. शेरे ठरलेले असतात: ‘आधार क्रमांक अवैध’, ‘जन्मतारीख जुळत नाही’, ‘पॅन चुकीचा’. सचिव मोबाइलमधले फोटो पुन्हा उघडतो, त्या नावांचे नंबर पुन्हा टाइप करतो आणि यादी पुन्हा पाठवतो. त्यातली दोन-तीन नावं परत येतातच. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं काम करते. करवीर, पन्हाळा, कागल भागांतून अशा परत आलेल्या याद्या घेऊन माणसं आमच्याकडे येतात. सगळ्यांची तक्रार एकच: ‘मॅडम, दोनदा तपासलंय, तरी पण चुकतंय.’

दोनदा तपासूनही चूक सापडत नाही, कारण दोन्ही वेळा तोच माणूस तोच फोटो बघत असतो. पहिल्यांदा ज्या डोळ्यांनी 8 चा 3 वाचला, तेच डोळे दुसऱ्यांदाही 3 च वाचतात. त्यातून समोर आधीच टाइप केलेला 3 दिसत असेल तर फोटोतला पुसट आकडा हमखास 3 वाटतो. म्हणून पुन्हा पाहण्यात वेळ घालवू नका. आकडा बरोबर आहे का याचा पुरावा दुसरीकडून आणायचा: नंबरच्या रचनेतून, त्याच कागदावरच्या दुसऱ्या ओळीतून, किंवा कार्ड हातात असलेल्या माणसाकडून.

आधी शेरा नीट वाचा

‘अवैध’ आणि ‘जुळत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘अवैध’ म्हणजे असा आधार नंबर असूच शकत नाही. एखादा आकडा चुकलाय, गळलाय किंवा दोन आकड्यांची अदलाबदल झालीय. ‘जुळत नाही’ म्हणजे नंबर खरा आहे, पण त्या नंबरामागचं नाव किंवा तारीख तुमच्या यादीतल्यापेक्षा वेगळी आहे. पहिल्या शेऱ्यात चूक नंबरात शोधायची, दुसऱ्यात तारखेत आणि ओळीत. बरेच सचिव ‘जुळत नाही’ आलं तरी नंबरच पुन्हा टाइप करत बसतात, आणि चूक तारखेत तशीच राहते.

आधारचा नंबर बारा आकडी असतो आणि 0 किंवा 1 ने सुरू होत नाही. त्याचा शेवटचा आकडा मोकळा नसतो. आधीच्या अकरा आकड्यांवरून ठराविक गणिताने तो निघतो. या पद्धतीला व्हरहॉफ म्हणतात. तिची ताकद अशी की कुठलाही एकच आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले, तर हिशेब बिघडतो आणि चूक शंभर टक्के पकडली जाते. टाइप करताना सर्वात जास्त होणाऱ्या चुका याच दोन. म्हणजे यादी पाठवण्याआधी आपल्याच कॉम्प्युटरवर ही तपासणी केली, तर ‘अवैध’ शेऱ्याची बहुतेक नावं परत येणारच नाहीत.

इंटरनेटवर ‘आधार नंबर तपासा’ म्हणणारी अनोळखी पानं असतात. त्यांत सभासदांचे नंबर टाकू नका. तिथे टाकलेला नंबर कुठे जातो ते आपल्याला दिसत नाही. आपल्याच मशीनवर, इंटरनेट बंद ठेवून चालणारा छोटा पायथन कोड पुरतो:

```python
P = [1,5,7,6,2,8,3,0,9,4]

def d(j, k):
    if j < 5:
        return (j+k)%5 if k < 5 else 5+(j+k)%5
    return 5+(j-k)%5 if k < 5 else (j-k)%5

def check(s):
    c = 0
    for i, ch in enumerate(reversed(s)):
        n = int(ch)
        for _ in range(i % 8):
            n = P[n]
        c = d(c, n)
    return c == 0
```

कोड नीट उतरला का ते बघायला खरा आधार नंबर लागत नाही. `check("2363")` दिलं तर `True` यायला हवं. `check("2863")`, म्हणजे 3 च्या जागी 8, दिलं तर `False`. `check("3263")`, म्हणजे पहिले दोन आकडे उलटे, दिलं तरी `False`. हे तीन बरोबर आले की कोड वापरायला तयार. आधारसाठी बारा आकडे मध्ये जागा न सोडता द्यायचे, आणि ते बाराच आहेत ना हे वेगळं बघायचं, कारण हा कोड लांबी मोजत नाही.

या तपासणीच्या मर्यादाही माहीत पाहिजेत. बायकोच्या ओळीत नवऱ्याचा नंबर पडला तर हिशेब जुळतो, कारण नंबर खरा आहे, फक्त माणूस चुकलाय. यादीत एक नाव मध्येच घातल्यावर खालचे सगळे नंबर एकेक ओळ सरकले तरी तपासणी गप्प बसते. अशा वेळी ‘जुळत नाही’ हा शेरा एकदम लागोपाठच्या बऱ्याच नावांना येतो, त्यावरून ओळखायचं.

एक यादी, तीन कारणं

पन्हाळा तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव परत आलेली यादी घेऊन आले होते. त्यांनी सभासदांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले होते. वरवर पाहिलं तर सगळं ठीक दिसत होतं. त्यातली तीन नावं इथे घेते, कारण तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि ती तुमच्याही यादीत असणार.

पहिलं नाव एका आजोबांचं. शेरा ‘अवैध’. कार्ड लॅमिनेट केलेलं, फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, आणि मधल्या चार आकड्यांवर पांढरा पट्टा. एक आकडा 3 आहे की 8 ते कळत नव्हतं. यादीत 3 होता आणि हिशेब जुळत नव्हता. 8 घालून पाहिला तर जुळला. एकाच आकड्याबद्दल शंका असेल तर दहापैकी नेमका एकच आकडा तिथे बसतो, म्हणून हे उत्तर भक्कम वाटतं. तरी तेवढ्यावर यादीत 8 लिहायचा नाही. बाकीचे अकरा आकडे आपण बरोबर वाचले आहेत असं धरून हे गणित चाललंय, आणि तेच नक्की नसतं. दोन आकडे पुसट असतील तर ही युक्ती पूर्ण सोडून द्यायची. तेव्हा शंभर जोड्यांपैकी दहा जोड्या हिशेबात बसतात, आणि आपल्याला वाटेल ती निवडली जाते.

मग त्यांच्या घरी फोन लावला. हा फोन कसा करायचा याला महत्त्व आहे. ‘तुमचा नंबर अमुक अमुक आहे ना?’ असं विचारलं की समोरचा ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो, कार्ड न बघताच. शिवाय दुकानात बसलेल्या चार लोकांना आख्खा नंबर ऐकू जातो. म्हणून आपण काहीच सांगायचं नाही, आणि शंका असलेले चार आकडेच वाचायला लावायचे.

“आजोबा, कार्ड हातात घ्या. मधले चार आकडे तेवढे वाचा, एकेक करून.”

“थांब पोरी, चष्मा घेतो.”

एकेक करून हे आवर्जून सांगा. नाहीतर माणसं जोडीनं वाचतात, ‘एकोणऐंशी’, ‘एकोणनव्वद’, आणि फोनवर 79 चे 89 ऐकू येतात. आजोबांनी आठच सांगितला. तेव्हा यादी दुरुस्त केली.

दुसरं नाव एका मावशींचं. शेरा ‘जन्मतारीख जुळत नाही’. त्यांच्या आधारचा फोटो अस्पष्ट होता, म्हणून सचिवांनी तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून घेतली होती. दाखला जुना, शाईने मराठी आकड्यांत लिहिलेला. यादीत 19/01/1971 होतं. दाखल्याचा फोटो मोठा करून पाहिला तर ‘११/०९/१९७९’ असंही वाचता येत होतं.

मराठी आकडे वाचून इंग्रजी कळफलकावर टाइप करताना घोटाळा होतो तो इथेच. हाताने लिहिलेला मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो. खालचा शेपटा जरा वळला की तो मराठी ९ सुद्धा वाटतो. मराठी ५ इंग्रजी 4 कडे झुकतो आणि मराठी ४ इंग्रजी 8 कडे. दिवसभर इंग्रजी आकडे टाइप करणाऱ्याचा हात आकाराकडे बघून चालतो. तो ४ बघतो आणि बोट 8 वर पडतं. ही चूक करणारा माणूस निष्काळजी नसतो, फक्त त्याच्या डोळ्यांसमोर दोन लिपी एकदम असतात.

दाखल्यावर यावरचा उपायही छापलेला असतो. जन्मतारीख तिथे अंकी लिहिलेली असते आणि खाली अक्षरीही. या दाखल्यात अक्षरी ओळ कागदाच्या घडीत गेली होती आणि फोटोत अर्धीच आली होती. तरी ‘सप्टेंबर’ हा शब्द स्पष्ट होता आणि पुढे ‘ऐंशी’ असा शेवट दिसत होता. सप्टेंबर म्हणजे महिना ०९, तेव्हा ०१ बाद. ‘ऐंशी’वर संपणारं वर्ष म्हणजे १९७९ पासून १९८८ पर्यंतचं काहीतरी, त्यामुळे १९७१, ज्याचा शेवट ‘एकाहत्तर’ झाला असता, ते बाद. दिवस ११ की १९ एवढंच उरलं. त्यासाठी घडी उलगडून नवा फोटो मागवला आणि ‘अकरा’ वाचून घेतलं. दाखल्यावरून तारीख घेताना मी अक्षरी ओळच आधी वाचते आणि अंकी नंतर ताडून बघते. हाच क्रम सगळ्यांनी धरावा असं मला वाटतं, कारण अंक आधी वाचले की अक्षरं त्याच्यासारखीच दिसायला लागतात.

इथे एक प्रश्न येतोच: आधार आणि दाखला दोन्ही स्पष्ट असून तारखा वेगळ्या निघाल्या तर? यादी ज्या कागदाशी ताडून पाहिली जाणार आहे, त्याच कागदावरची तारीख लिहायची, जशीच्या तशी. पडताळणी आधारशी होणार असेल तर आधारवरची, ती चुकीची आहे हे आपल्याला माहीत असलं तरी. दुरुस्ती व्हायला हवीच, पण ती आधार केंद्रात कागदपत्रं दाखवून त्या माणसाने करून घ्यायची. यादी टाइप करणाऱ्याने परस्पर तारीख सुधारली तर एकाच माणसाच्या तीन ठिकाणी तीन तारखा होतात. यादीत ‘कोणत्या कागदावरून’ असा एक रकाना ठेवा, म्हणजे पुढे वाद होत नाही.

तसंच १ जूनचं. आपल्याकडे जुन्या पिढीच्या जन्मतारखा ढिगाने १ जून असतात, कारण शाळेत जूनमध्ये नाव घालताना गुरुजींनी वयाचा अंदाज धरून तीच तारीख टाकलेली असते. यादीत लागोपाठ 01/06 दिसलं म्हणून ते ‘खाली ओढल्यामुळे’ झालंय असं समजून बदलू नका. आणि काही जुन्या आधार कार्डांवर फक्त जन्म वर्ष असतं. तिथे मनाने 01/01 लावायचं नाही, रकान्यात वर्षच लिहून संबंधित कार्यालयाला विचारायचं.

आधारच्या छापील पत्रावर किंवा डाउनलोड केलेल्या आधारवर जन्मतारखेशिवाय इतर तारखाही असतात. फोटोच्या कडेला उभी छापलेली तारीख आधार जारी झाल्याची असते. तशीच मुख्य नंबराखाली VID म्हणून सोळा आकडी नंबर असतो, तो आधार नंबर नव्हे. फोटो कापलेला आला की VID चे पहिले बारा आकडे आधार म्हणून उतरवलेले मी पाहिले आहेत. चार-चार आकड्यांचे तीनच गट मोजायचे. चौथा दिसला तर तो चुकीचा नंबर.

तिसरं नाव: चूक टाइप करणाऱ्याची नव्हती

तिसऱ्या सभासदाचा आधार स्पष्ट, तारीख 05/08/1968, सचिवांनी टाइपही तीच केलेली. तरी बँकेकडे 8 मे 1968 गेली. हे एक्सेलने केलं होतं. कॉम्प्युटरचा प्रदेश English (United States) असेल तर एक्सेल पहिला आकडा महिना समजतं. 05/08 ही तारीख त्याच्या दृष्टीने मे महिन्यातली आठ. बारापेक्षा मोठा दिवस असेल, समजा 25/08, तर पंचविसावा महिना नसतो म्हणून एक्सेल ती तारीख मानत नाही आणि साधा मजकूर म्हणून ठेवतं. म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा उलटतात आणि काही तशाच राहतात, म्हणूनच हे लवकर लक्षात येत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. रकान्याला कुठलंही अलाइनमेंट न देता बघा. उजवीकडे चिकटलेल्या तारखा एक्सेलने ‘तारीख’ म्हणून घेतल्यात, डावीकडे चिकटलेल्या मजकूर आहेत. उजवीकडच्या सगळ्यांचा दिवस १ ते १२ मध्येच असेल आणि डावीकडच्यांचा १३ च्या पुढे, तर निदान पक्कं. नंतर फॉरमॅट बदलून हे सुधारत नाही, कारण आत साठवलेला दिवसच बदललेला असतो. तो रकाना मोकळा करून फोटोवरून पुन्हा भरावा लागतो.

पुन्हा भरताना दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे रकाने करा. टाइप करायला थोडा वेळ जास्त लागतो, पण एक्सेलला अंदाज बांधायला जागाच उरत नाही. वर्ष चार आकडी लिहा. दोन आकडी वर्ष दिलं तर एक्सेल सहसा 00 ते 29 ला दोन हजारच्या पुढे नेतं, आणि 1928 साली जन्मलेल्या आजी 2028 च्या होतात. शेवटी तारीख एकत्र हवी असेल तर, B, C, D मध्ये दिवस, महिना, वर्ष असताना पहिलं सूत्र E मध्ये टाका आणि दुसरं त्याच्या शेजारी:

```
=DATE(D2,C2,B2)
=AND(DAY(E2)=B2, MONTH(E2)=C2)
```

दुसरं सूत्र गरजेचं आहे. 31 एप्रिल टाइप झालं तर पहिलं सूत्र कुरकुर न करता 1 मे देतं. दुसऱ्यात `FALSE` आलं की टाइप केलेली तारीख कॅलेंडरमध्येच नाही हे कळतं.

आधारचा रकाना भरण्याआधीच Text करून ठेवायचा. नाहीतर बारा आकड्यांचा नंबर 2.34568E+11 असा दिसतो. आत नंबर शाबूत असतो, पण तशीच फाइल CSV म्हणून सेव्ह केली की पडद्यावर दिसतंय तेवढंच जातं आणि उरलेले आकडे गेलेच. सोळा आकडी नंबर तर लगेच बिघडतो, कारण एक्सेल पंधरा आकड्यांपुढचं लक्षात ठेवत नाही आणि शेवटी शून्य घालतं.

पॅनमध्ये जागा बघून अक्षर ठरतं

पॅनच्या फोटोत O आणि 0, I आणि 1, S आणि 5, B आणि 8 यांचा गोंधळ होतो, पण तो फोटो न ताणताच सुटतो. पॅन दहा जागांचा: आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. सहाव्या ते नवव्या जागेवर O दिसला तर तो शून्यच. पहिल्या पाचांत शून्य दिसलं तर तो O. चौथं अक्षर व्यक्तीसाठी P असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. आडनाव लग्नानंतर बदललं तरी पॅन तोच राहतो, म्हणून बायकांच्या बाबतीत पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचं निघालं तर दचकू नका. पासबुकवरच्या IFSC मध्ये पाचवी जागा नेहमी शून्य असते. तिथे O टाइप केलेला मी जितक्या वेळा पाहिलाय तितका दुसरा कुठलाच घोळ पाहिला नाही.

फोटोच असा मागवा

अर्धं काम फोटोतच होतं. कार्ड प्लास्टिकच्या कव्हरातून बाहेर काढून, दाराजवळच्या उजेडात पण उन्हात नाही, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल बरोबर वरून धरून फोटो काढायला सांगा. चारही कोपरे दिसले पाहिजेत. व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो दाबला जात नाही आणि आकड्यांच्या कडा शाबूत राहतात. झेरॉक्सचा फोटो शक्यतो घेऊ नका. स्कॅनर ॲपमधला काळा-पांढरा फिल्टर तर नकोच. तो कागद स्वच्छ दाखवतो, पण बारीक रेघा खातो, आणि तुटलेला 8 अगदी सुबक 3 दिसतो.

सुबक दिसणारा आकडा खरा असतोच असं नाही. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनर मशीन्स स्कॅन करताना आकडेच बदलत होती. घराच्या नकाशात 21.11 चौरस मीटरच्या खोलीवर 14.13 छापून आलं होतं, तेही स्पष्ट अक्षरांत. जागा वाचवण्यासाठी मशीन सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा वापरत होतं. म्हणून शंका आली की स्कॅन नव्हे, मूळ कार्ड बघायचं.

आधारवरचा क्यूआर कोड हा चांगला साक्षीदार आहे. आधार प्राधिकरणाच्या स्वतःच्या ॲपने तो वाचला की नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि आधारचे शेवटचे चार आकडे दिसतात. तारीख ताडायला याहून खात्रीचं काही नाही. पूर्ण नंबर त्यात नसतो, आणि दाबलेल्या फोटोतला कोड बहुतेक वेळा वाचलाच जात नाही, म्हणून माणूस समोर असेल तेव्हाच तो करून घ्यावा.

मोठी यादी असेल तर दुहेरी टायपिंग करा. एकाने फोटो बघून एका फाइलमध्ये भरायचं, दुसऱ्याने पहिली फाइल न बघता दुसऱ्या फाइलमध्ये. मग दोन्ही रकाने शेजारी आणून `=EXACT(F2,G2)`. जिथे `FALSE`, तेवढेच फोटो उघडायचे. घरातली कॉलेजला जाणारी मुलगी दुसरं टायपिंग करू शकते, पण तिच्या मोबाइलवर फोटो पाठवून नव्हे. त्याच कॉम्प्युटरवर बसून.

आता या माहितीचं करायचं काय

जन्मतारीख ही लोकांना फार साधी गोष्ट वाटते. पण डाउनलोड केलेल्या आधार फाइलचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो. आयकर खात्याच्या काही फाइल पॅन आणि जन्मतारखेने उघडतात. म्हणजे नाव, पॅन आणि जन्मतारीख एका ओळीत असलेली तुमची यादी ही सभासदांच्या बऱ्याच कुलपांची किल्ली आहे. ती गावच्या ग्रुपवर फिरू द्यायची नाही.

फोटो ग्रुपवर मागवू नका, एकाच मोबाइलवर खासगीत मागवा. आणि मागण्याआधी विचारा की पूर्ण नंबर खरंच लागतोय का. फक्त ओळख पटवायची असेल तर मास्क केलेलं आधार चालतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. यादी तपासायला संस्थेच्या फलकावर लावायची प्रथा काही ठिकाणी आहे. नाव आणि शेवटचे चार आकडे एवढंच लावा. आधार कायदा, २०१६ नुसार आधार नंबर असा जाहीर लावता येत नाही.

काम झालं की फोटो नुसते चॅटमधून पुसून भागत नाही. व्हॉट्सॲपने ते गॅलरीत उतरवलेले असतात, गॅलरीने गुगल फोटोजवर चढवलेले असतात, आणि तिथून पुसले तरी ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात. म्हणून चॅट, गॅलरी आणि ट्रॅश असे तिन्ही रिकामे करा. काम सुरू करण्याआधीच त्या मोबाइलचा फोटो बॅकअप आणि व्हॉट्सॲपमधली ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली तर हे सगळं वाचतं. कॉम्प्युटरवर डाउनलोड्स फोल्डर आणि रिसायकल बिन बघा. बाहेरच्या दुकानात व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर निघताना मोबाइलमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून ते लॉग आउट करा, दुकानदार ओळखीचा असला तरी. प्रिंटचा बिघडलेला कागद तिथल्या रद्दीत टाकू नका. त्याच्या मागे दुसऱ्याचं बिल छापून जातं.

यादीची फाइल ठेवायची असेल तर एक्सेलमध्ये File, Info, Protect Workbook, Encrypt with Password या वाटेने कुलूप लावा, आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये पाठवू नका, फोनवर सांगा. यादी मंजूर झाल्याचं पत्र आलं की पूर्ण नंबरचा रकाना काढून शेवटचे चार आकडे ठेवलेली प्रत संस्थेकडे राहू द्या. पुढच्या वर्षी पुन्हा लागेल म्हणून फोटो जपून ठेवणारे सचिव भेटतात. पुढच्या वर्षी पत्ता बदललेला असतो, कार्ड नवं असतं, आणि जुन्या फोटोवरून नंबर उतरवायचा घोळ पुन्हा सुरू होतो.

फोटो चुकून ग्रुपवर गेलाच असेल तर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ लगेच करा, आणि ज्याचं कार्ड आहे त्याला त्याच दिवशी सांगा. तो आधारच्या संकेतस्थळावरून किंवा आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करू शकतो, म्हणजे त्याच्या बोटांच्या ठशावर कुणाला पैसे काढता येणार नाहीत. लॉक कसं करायचं ते कळत नसेल तर १९४७ या आधार हेल्पलाइनवर विचारता येतं. लॉक केल्यावर स्वतःलाही अंगठा लावून पैसे काढता किंवा रेशन घेता येणार नाही, त्याआधी ते तात्पुरतं उघडावं लागेल, हेही त्याला त्याच फोनमध्ये सांगून ठेवा.